वास आणि लेप जाईपर्यंत

करोनाच्या पहिल्या लाटेत एक मजकूर मोबाइलवर इतका फिरला की तो माझ्याकडे सहा-सात वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला. बाहेरून आल्यावर हातपाय धुणं, आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात न जाणं, एकमेकांना न शिवणं, हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. ज्या सोवळ्याला आपण हसलो, ते म्हणजे त्या काळचं जंतुशास्त्रच होतं, असा त्याचा सूर होता. नंतर तो सूर मी कीर्तनात ऐकला, लग्नघरात ऐकला आणि मंगळागौरीच्या पंगतीतही ऐकला. चांगली शिकलेली, मनाने वाईट नसलेली माणसं हे बोलतात. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यावंसं वाटतं. सोवळं म्हणजे स्वच्छता नव्हे. या दोन गोष्टी आपल्याच परंपरेत वेगळ्या होत्या, आणि आज त्या एक आहेत असं म्हटल्याने जे सोडून द्यायला हवं तेच आपण नव्या नावाने सांभाळून ठेवतो आहोत.

मी सोवळ्याच्या घरात वाढले. वाईजवळच्या आमच्या घरी गौरी उभ्या राहायच्या, मुखवट्यांच्या. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या, आणि हा सगळा स्वयंपाक सोवळ्यात. त्याची तयारी आदल्या संध्याकाळी सुरू व्हायची. आई सुती नऊवारी धुऊन, पिळून माजघरातल्या उंच दांडीवर काठीने टाकायची. काठीने, कारण वाळत घातलेल्या सोवळ्याला कोणाचा हात लागता कामा नये. भाद्रपदातल्या दमट हवेत लुगडं रात्रभरात वाळत नसे, म्हणून बऱ्याचदा शेवटी ट्रंकेतला अंजिरी मुकटा निघायचा. पहाटे आंघोळ करून आई ओलेत्यानेच परसातल्या आडावर जायची, तांब्याच्या कळशीतून सोवळ्याचं पाणी आणायची, मग मुकटा नेसून चुलीपुढे बसायची. त्यानंतर नैवेद्य होईपर्यंत आम्हा मुलांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची परवानगी नसे. "शिवू नकोस गं" हे त्या दिवसाचं पालुपद. माझा धाकटा भाऊ तेव्हा दीड-दोन वर्षांचा. तो रडून रडून लाल व्हायचा. शेवटी आत्या त्याचं झबलं काढायची आणि उघडाच आईच्या मांडीवर नेऊन ठेवायची. नागड्या मुलाचा विटाळ होत नाही. विटाळ होतो तो त्याच्या अंगावरच्या सुती कपड्याचा.

हे मी लहानपणी शेकडो वेळा पाहिलं आणि कधी त्यावर विचार केला नाही. पुढे विचार केला तेव्हा लक्षात आलं की सगळं उत्तर त्या एका प्रसंगात आहे. उघडं, घामेजलेलं, जमिनीवर रांगून आलेलं मूल चालतं. सकाळीच धुतलेलं झबलं चालत नाही. वर्षातून चार-पाच वेळा नेसलेला आणि क्वचितच धुतलेला मुकटा सोवळा. साबणाने धुऊन उन्हात कडक वाळवलेली सुती साडी, दांडीवरून काढताना शेजारच्या काकूंचा हात लागला म्हणून ओवळी. रेशमाला आणि लोकरीच्या धाबळीला विटाळ सहज होत नाही, सुताला लगेच होतो, अशी ती व्यवस्था. घामाचा, मळाचा, वासाचा या हिशेबात कुठेच संबंध येत नाही. विचारलं जातं ते एकच: याला कोण शिवलं?

आता परंपरेतली दुसरी बाजू. याज्ञवल्क्यस्मृतीत शौचविधी सांगताना माती आणि पाणी घेऊन काय करावं त्याची कसोटी दिली आहे: "गन्धलेपक्षयकरं शौचम्". वास आणि लेप नाहीसा होईपर्यंत धुवायचं. मला हे वचन फार मोलाचं वाटतं. किती वेळा धुवायचं हा आकडा दुसऱ्या जागी मिळेल, पण इथे कसोटी नाकाची आणि डोळ्याची आहे. ती ब्राह्मणाच्या हाताला लागू होते आणि कुणब्याच्याही; बाईच्या हाताला होते आणि पुरुषाच्याही. हात स्वच्छ झाला की नाही हे ज्याचा हात आहे तो आपला आपण ठरवू शकतो. ही खरी स्वच्छता आहे, आणि ती आपल्या पूर्वजांना निश्चित ठाऊक होती. त्याचा अभिमान बाळगायला माझी काही हरकत नाही.

परंतु सोवळं या कसोटीवर उभं नाही. त्याचं शास्त्र वेगळं आहे, आणि तेही ग्रंथांत स्पष्ट लिहिलेलं आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, जिथे कुठलं भांडं कशाने शुद्ध होतं ते सविस्तर येतं, तिथेच कोणाचा स्पर्श शुद्ध मानावा याची एक यादी आहे. तोंडातून उडणारे तुषार, सावली, गाय, घोडा, सूर्याचे किरण, धूळ, जमीन, वारा, अग्नी. आणि या यादीत सगळ्यात पहिलं नाव आहे माशीचं. मक्षिका. माशी अन्नावर बसली तर स्पर्शाचा दोष नाही.

जंतुशास्त्राची जाण असलेल्या माणसाने ही यादी केली असती तर माशी आणि तोंडातले तुषार या दोन गोष्टी त्याने सर्वांत आधी निषिद्ध ठरवल्या असत्या. करोनाच्या काळात तर आपण सगळे तोंडावर फडकं बांधून हिंडत होतो ते याच तुषारांसाठी. मात्र यात त्या ग्रंथकारांना वेड्यात काढायचं कारण नाही. ते व्यवहारी होते. माशी कोण अडवणार? बोलताना तुषार उडणारच, वारा येणारच, धूळ बसणारच. जे टाळणं माणसाच्या हाती नाही त्याला दोष धरला तर कुणालाच शुद्ध राहता येणार नाही, म्हणून ते सगळं शुद्ध ठरवलं. मग अशुद्ध काय उरतं? जे टाळता येतं ते. आणि टाळता येतो तो माणूस. त्याला उंबऱ्याबाहेर उभं करता येतं, पाणवठ्यावरून हाकलता येतं, चार दिवस एका कोपऱ्यात बसवता येतं. सोवळ्याचा सगळा कटाक्ष माणसांवर का आहे, याचं उत्तर मला या एका श्लोकात सापडलं.

ही गोष्ट घराच्या उंबऱ्याबाहेर गेली की काय होतं, त्याचं महाड हे उदाहरण आहे. आपल्याला सत्याग्रहाची तारीख पाठ असते, नंतर जे झालं ते आपण भरभर वाचून पुढे जातो. मला थांबायचं आहे ते तिथेच. १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना मोकळं असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. तोवर त्या तळ्याचं पाणी कोण पीत होतं? गावातले सवर्ण पीत होते, इतर धर्मांचे लोक पीत होते, गुरंढोरं पीत होती. कशानेच तळं बाटलं नव्हतं.

त्या दिवसानंतर ते बाटलं असं ठरलं आणि त्याची शुद्धी झाली. तळ्याच्याच पाण्याने १०८ घागरी भरल्या, त्यांत शेण, गोमूत्र, दूध आणि दही मिसळलं, मंत्र म्हटले, आणि त्या घागरी तळ्यात सोडल्या.

इथे याज्ञवल्क्याची कसोटी लावून पाहा. ओंजळीने पाणी पिणाऱ्या माणसाने तळ्यात वास सोडला नव्हता, लेपही नाही. वास आणि लेप दोन्ही तळ्यात गेले ते शुद्धीच्या दिवशी. प्यायच्या पाण्यात शेण कालवलं गेलं आणि त्यानंतर ते प्यायला योग्य झालं असं गावाने मान्य केलं. सोवळं म्हणजे स्वच्छता असती तर ही गोष्ट घडूच शकली नसती. स्पृश्यांनी दावा लावला, तो तळं खाजगी आहे आणि आमची पूर्वापार वहिवाट आहे या मुद्द्यांवर, आणि मुंबई उच्च न्यायालयात त्याचा शेवट १९३७ साली झाला, अस्पृश्यांच्या बाजूने. म्हणजे एका ओंजळीसाठी दहा वर्षं.

हे जुनं झालं, आता असं कोण पाळतं, असं कोणी म्हणेल. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी पोलिसांत तक्रार दिली होती, ती आठवत असेल. घरच्या गौरी-गणपतीचा आणि श्राद्धाचा सोवळ्यातला स्वयंपाक करायला ठेवलेल्या बाई ब्राह्मण नव्हत्या आणि त्यांनी जात लपवून फसवणूक केली, असं तक्रारीचं म्हणणं होतं. गदारोळ झाला, तक्रार मागे घेतली गेली. मला त्या बाईंना पुन्हा चव्हाट्यावर आणायचं नाही, म्हणून नावं घेत नाही. पण त्या तक्रारीत काय नव्हतं ते बघण्यासारखं आहे. स्वयंपाक अस्वच्छ होता, हात धुतले नव्हते, अन्न बिघडलं, असं काही त्या गाऱ्हाण्याच्या मुळाशी नव्हतं. तो नैवेद्य देवाला दाखवून झाला होता, ते जेवण जेवून झालं होतं आणि ते चांगलंच झालं असणार, नाहीतर पुन्हा बोलावणं गेलं नसतं. आडनाव कळलं आणि मागच्या सणांचा स्वयंपाक मागाहून ओवळा झाला. जंतू असे महिन्यांनी मागे जाऊन अन्नात शिरत नाहीत.

याच्याही आधीची, माझ्या घरातली गोष्ट सांगते, कारण दोष नेहमी दुसऱ्याच्या घरात शोधणं बरं नव्हे. माझ्या पणजीची मोठी जाऊ बालविधवा होती. मी तिला पाहिलेलं नाही, आजीकडून ऐकलं. केशवपन केलेली, तांबडं आलवण नेसणारी. तिला घरात 'सोवळ्या काकू' म्हणत. अशा स्त्रीसाठी मराठीत 'सोवळी' हाच शब्द होता, यावर आपण कधी थांबून विचार करत नाही. हळदीकुंकवात तिला जागा नव्हती, लग्नाच्या मांडवात ती समोर आलेली चालत नसे. पण श्राद्धाचा, नैवेद्याचा, पंचवीस पानांचा स्वयंपाक तिच्या हातचा. केस ठेवलेल्या विधवेच्या हातचं पाणीसुद्धा देवाला चालत नसे. केस गेले की हात शुद्ध झाले. आजी सांगायची की आलवण वाळायला वेळ लागतो म्हणून पावसाळ्यात काकू दुपारपर्यंत अर्ध्या ओल्या कपड्यात चुलीसमोर बसलेल्या असत आणि थंडी-खोकल्याने त्यांची छाती कायम भरलेली असे. घरातली सर्वांत शुद्ध व्यक्ती हीच सर्वांत आजारी. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं, तेव्हा त्यांनी सोवळ्याच्या या साखळीतली एक कडी हाताने तोडली होती. आमच्या काकूंपर्यंत मात्र ते वारं पोचलं नाही.

मासिक पाळीचं वेगळं काय सांगायचं? चार दिवस बाजूला, चौथ्या दिवशी न्हाणं, देवाच्या कामाला पाचवा दिवस. बायकांना तेवढी विश्रांती मिळायची, हे समर्थन मी माझ्या मावश्यांच्याच तोंडून ऐकलं आहे, आणि ज्यांना सासरी एरवी टेकायला मिळत नव्हतं त्यांच्यासाठी ते खरंही होतं. पण जी विश्रांती शेतातल्या खुरपणीला लागू होत नाही आणि फक्त देवघर व चुलीला लागू होते, तिला विश्रांती कशी म्हणावी? सोयराबाईंनी सातशे वर्षांपूर्वी विचारलं होतं, "देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म". विटाळातूनच देह घडतो, मग त्यातला कोणता देह सोवळा? चोखोबांच्या घरातली ही बाई. तिला जातीचा आणि बाईपणाचा असे दोन्ही विटाळ भोगावे लागले. तिच्या प्रश्नाला सोवळ्याच्या बाजूने दिलेलं उत्तर मी आजवर वाचलेलं नाही.

आता ज्या आक्षेपाला खरंच वजन आहे, त्याकडे येते. माझी थोरली बहीण आजही रोज सोवळ्यात पूजा करते. ती म्हणते, मला जंतूंचं काही सांगू नकोस आणि जातीचंही नाही. मी आंघोळ करते, वेगळं वस्त्र नेसते, अर्धा तास कुणाला शिवत नाही, तेव्हा माझं मन संसारातून निघून देवापुढे येतं. ते वस्त्र म्हणजे माझा उंबरठा आहे. तू तो काढून टाकलास तर मी फोनवर बोलत बोलत फुलं वाहीन.

ती खोटं बोलत नाही. आंघोळीनंतरची ती ताजी शांतता मलाही हवी असते. पळीभर पाणी तळहातावर घ्यायचं, उडदाचा दाणा बुडेल एवढंच, हाताचा आकार गाईच्या कानासारखा करायचा, केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः म्हणत तीनदा प्राशन करायचं, गोविंदाय नमः म्हणून चौथं ताम्हणात सोडायचं. एवढ्या छोट्या कृतीला इतकी नेमकी बांधणी आहे की ती करताना मनाला दुसरीकडे जाता येत नाही. याच आचमनाच्या नियमात मनूने ब्राह्मणाचं पाणी हृदयापर्यंत, क्षत्रियाचं कंठापर्यंत, वैश्याचं तोंडापर्यंत आणि शूद्राचं नुसतं ओठाच्या कडेला लागेल इतकं, अशी वाटणी करून ठेवली आहे, हे मला ठाऊक आहे आणि ते मला बोचतं. पण ती वाटणी बाजूला ठेवून आचमन शिल्लक राहतं. उडदाच्या दाण्याएवढं पाणी कुणाच्याही हातावर तेवढंच असतं.

बहिणीला मी जे सांगितलं ते असं. तुझा उंबरठा तू ठेव, पण तो स्पर्शावर का बांधतेस? धर्मशास्त्रानेच स्नानं सात सांगितली आहेत. पाण्यात बुडून केलेलं ते वारुण. "आपो हि ष्ठा" या ऋचा म्हणत अंगावर पाणी शिंपडलं की मांत्र. अंगाला माती लावली की भौम, भस्म लावलं की आग्नेय. गाईंच्या खुरांची धूळ अंगावर आली की वायव्य. ऊन असताना पाऊस पडतो, त्यात भिजलं की दिव्य. आणि नुसतं मनात चिंतन केलं की मानस. आजाऱ्याला, प्रवाशाला, दुष्काळातल्या माणसाला पाण्याशिवाय पूजेला बसता यावं म्हणून ही वाट ठेवली. इस्लाममध्ये पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकवून तयम्मुम करतात, तेही याच समजुतीने. म्हणजे ज्यांनी हे विधी बांधले त्यांना ठाऊक होतं की स्नानाचं काम मनाला तयार करण्याचं आहे. आणि या सातांपैकी एकाही स्नानासाठी दुसऱ्या माणसाला दूर ढकलावं लागत नाही. गाईंचा कळप अंगावरून धूळ उडवत गेला तर स्नान होतं. मग मोलकरणीचा पदर लागला तर ते मोडतं कसं?

देवळांमध्ये तर हा घोटाळा आता बाजारात आला आहे. मागच्या श्रावणात एका मोठ्या देवस्थानात आम्ही अभिषेकाला गेलो. माझे यजमान घरून आंघोळ करून, धुतलेलं पांढरं धोतर नेसून आले होते. गाभाऱ्यात ते चालणार नाही, सोवळंच हवं, असं सांगून त्यांना खिडकीवर पाठवलं. तिथे पैसे भरून सोवळं भाड्याने मिळत होतं. त्यांच्या हातात जे आलं ते आधीच्या यजमानाने दोन मिनिटांपूर्वी सोडलेलं, कमरेशी घामाने ओलं. तेच सोवळं सकाळपासून किती जणांनी नेसलं असेल कोण जाणे. त्यांनी ते मुकाट्याने नेसलं, अभिषेक झाला, आणि बाहेर येऊन ते म्हणाले, "देवापुढे उभं राहताना मला स्वतःचीच किळस वाटत होती." असा नियम करणाऱ्या विश्वस्तांना मला एवढंच म्हणायचं आहे की वास आणि लेप ही कसोटी दारावर लावा. हातपाय धुवायला नळ आणि साबण ठेवा, गाभाऱ्यात येणाऱ्याचं वस्त्र धुतलेलं असावं असा नियम करा, तो पुजाऱ्यालाही लावा, आणि वस्त्र कुठलं, अंग कुणाचं, हे विचारणं बंद करा. आषाढीला पंढरपुरात अठरा-वीस दिवस चिखलातून चालून आलेला वारकरी चंद्रभागेत बुडी मारतो आणि विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवतो. लाखो माणसांचे हात त्या पायांना लागतात. तिथे देव बाटत नाही.

आमच्याकडे गौरी आता फ्लॅटमध्ये बसतात. गेल्या वर्षी पूजनाच्या दिवशी पहाटे सून माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली, आत न येता. "आई, मला आज दुसरा दिवस आहे. पोळ्यांना सुषमाताईंना बोलावू का?" सुषमाताई आमच्याकडे भांडी घासायला येतात. तिला वाटलं होतं की निदान त्यांच्या हातचं तरी चालेल की नाही, हे विचारावं लागेल. मी म्हटलं, दोघी आत या, हात धुवा आणि पुरण वाटायला घ्या, कटाला फोडणी मी देते. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग बेसिनजवळ जाऊन तिने नखांपासून कोपरापर्यंत साबण लावला, धुतला आणि माझ्यासमोर हात धरले, लहान मुलं जेवायच्या आधी दाखवतात तसे. पहिली पोळी तिने लाटली, सुषमाताईंनी भाजली आणि गौरीच्या पानात मी वाढली. मी आईचाच अंजिरी मुकटा नेसले होते. त्या आठवड्यात तो मी रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवला होता, आणि वाळत घातल्यावर नातवाने त्याच्यातून चार वेळा लपाछपी खेळून घेतली होती.